तिसऱ्या आकड्यावर ठरणारा लॅपटॉप

बारावीचा निकाल, सीईटीचे पर्सेंटाइल आणि कॅपच्या फेऱ्या आटोपल्या की घराघरांत पुढचा विषय लॅपटॉपचा निघतो. नेमक्या त्याच सुमारास ऑनलाइन दुकानांचे सेलही लागलेले असतात. मोबाइलवर एकाखाली एक लॅपटॉप सरकत जातात आणि सगळ्यांची शीर्षकं जवळपास सारखीच असतात: रायझन 5, 8 जीबी रॅम, 512 जीबी एसएसडी, 15.6 इंची स्क्रीन, विंडोज 11. किमतीत मात्र पाच-सहा हजारांचा फरक. मग स्वस्तातला का नको, हा वडिलांचा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर शीर्षकात सापडत नाही. ते सापडतं प्रोसेसरच्या पूर्ण क्रमांकात आणि लॅपटॉपच्या पूर्ण मॉडेल क्रमांकात, आणि हे दोन्ही क्रमांक पानावर बरेच खाली, बारीक अक्षरांत दिलेले असतात.

समजा, देवरुखच्या एका मुलीला सांगलीत कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आहे. घरच्यांचं बजेट 45 ते 50 हजार. तिनं शोधून दोन लॅपटॉप बाजूला काढले आहेत. दोन्हींवर ‘रायझन 5’ लिहिलंय, दोन्हींत 8 जीबी रॅम आणि 512 जीबी एसएसडी आहे. पहिला 38 हजारांच्या आसपास, दुसरा 43 हजारांच्या. (सेलमधल्या किमती रोज बदलतात, तेव्हा हे आकडे तुलनेपुरते.) पहिल्याच्या तपशिलात प्रोसेसर आहे 7520U, दुसऱ्याच्या तपशिलात 7530U. एका आकड्याचा फरक पाहून कोणालाही वाटेल, की हे सख्खे भाऊ असणार.

तसं ते नाहीत. एएमडी कंपनीनं सप्टेंबर 2022 मध्ये लॅपटॉप प्रोसेसरांच्या क्रमांकांची नवी पद्धत जाहीर केली. तिच्यात पहिला आकडा चिप कोणत्या सालाच्या यादीतली आहे ते सांगतो. 7 म्हणजे 2023. दुसरा आकडा दर्जाचा. तिसरा आकडा आत बसवलेल्या मूळ रचनेचा, म्हणजे आर्किटेक्चरचा. 7520U मधला 2 म्हणजे ‘झेन 2’, ही रचना 2019 ची. 7530U मधला 3 म्हणजे ‘झेन 3’, ही 2020 च्या शेवटी आलेली. 7640U असेल तर ‘झेन 4’, 2022 ची. म्हणजे डब्यावर ताजं साल आणि आत जुना माल, असं कायदेशीरपणे होऊ शकतं आणि कंपनी ते लपवतही नाही. फक्त गिऱ्हाइकानं तिसरा आकडा वाचायला हवा.

फरक नुसत्या वयाचाही नाही. 7520U मध्ये चार कोअर आहेत, 7530U मध्ये सहा. प्रोसेसरच्या पोटातली एल3 कॅश, म्हणजे वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवण्याची जागा, पहिल्यात 4 एमबी आणि दुसऱ्यात 16 एमबी. चित्रं रंगवणारा ग्राफिक्सचा भागही पहिल्यात अगदी तोकडा. वर्डमध्ये निबंध लिहिताना किंवा व्हिडिओ लेक्चर बघताना हे कळणार नाही. अँड्रॉइड स्टुडिओत एखादं अ‍ॅप बिल्ड करायला घेतलं, की मात्र पहिल्या लॅपटॉपवर वाट बघत बसावं लागेल.

आता यातली खरी गोम. 7520U ही चिप एलपीडीडीआर5 या एकाच प्रकारच्या मेमरीवर चालते. त्या लॅपटॉपांत ही मेमरी काढता-घालता येणाऱ्या पट्टीवर येत नाही; तिच्या चिप्स थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेल्या असतात. दुकानदार तिला ‘ऑनबोर्ड रॅम’ म्हणतात. म्हणजे 7520U चा 8 जीबीचा लॅपटॉप घेतला, की तो मोडीत जाईपर्यंत 8 जीबीचाच. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर नेला काय किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात नेला काय, रॅम वाढणार नाही. उलट 7530U ही चिप साध्या डीडीआर4 मेमरीवरही चालते, आणि डीडीआर4 ची पट्टी लावायला स्लॉट असू शकतो. असू शकतो, असेलच असं नाही. कंपनीनं पातळपणाच्या हौसेपायी तिथंही मेमरी सोल्डर केलेली असू शकते. म्हणून एका क्रमांकानं वाट बंद असल्याचं नक्की कळतं, दुसऱ्यानं ती उघडी असण्याची शक्यता कळते, आणि शक्यतेची खात्री मॉडेल क्रमांकावरून करावी लागते.

इंटेलच्या यादीतही असाच चकवा आहे, फक्त वेगळ्या जागी. i5-1235U मध्ये दहा कोअर आहेत आणि i5-12450H मध्ये आठ. दहा जास्त की आठ, हा प्रश्न पहिलीतल्या पोराला विचारावा असा वाटतो. पण 1235U च्या दहांत मोठे, ताकदीचे कोअर दोनच आणि बाकीचे आठ लहान, विजेची बचत करणारे. 12450H मध्ये चार मोठे आणि चार लहान. जड कामात आठवाला पुढे जातो. शेवटचं अक्षर त्याचं कारण सांगतं: U म्हणजे साधारण 15 वॅटवर चालण्यासाठी केलेली चिप, H म्हणजे 45 वॅटची. H ला पंखा मोठा लागतो, चार्जर जड लागतो आणि बॅटरी लवकर उतरते. दिवसभर वर्गात बसून नोट्स काढणाऱ्या बी.कॉम.च्या विद्यार्थ्याला H घेऊन द्यायचा म्हणजे त्याच्या पाठीवर उगाच ओझं. तिसरी एक चिप i3-N305 नावाची आहे. तिच्यात आठही कोअर लहान जातीचे आहेत. तिचा लॅपटॉप ‘आठ कोअर’ म्हणून विकायला असला, तर ते खोटं नाही, एवढंच.

इंटेलनं 2023 च्या अखेरीपासून नावातला ‘i’ काढून ‘कोअर 5’, ‘कोअर अल्ट्रा 5’ अशी नावं सुरू केली, आणि एएमडीनं 2024 मध्ये ‘रायझन एआय 300’ अशी वेगळीच मालिका आणली. तेव्हा क्रमांकांचं गणित पाठ करण्यात अर्थ नाही. प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक शोधयंत्रात टाकून इंटेलच्या किंवा एएमडीच्या स्वतःच्या साइटवरचं पान उघडावं. तिथे कोअर किती व कोणते, चिप बाजारात कधी आली आणि ती कोणती मेमरी घेते, हे लिहिलेलं असतं. विक्रीच्या पानावर प्रोसेसरचा पूर्ण क्रमांकच दिला नसेल, नुसतं ‘कोअर i5’ किंवा ‘रायझन 5’ एवढंच असेल, तर तो लॅपटॉप यादीतून बिनदिक्कत काढून टाकावा.

मेमरीवर एवढा भर का, तेही पाहू. विंडोज 11 ची अधिकृत किमान अट 4 जीबी रॅमची आहे, पण ती सुरू होण्यापुरती. प्रत्यक्षात लॅपटॉप नुसता चालू करून ठेवला तरी तीन-चार जीबी विंडोज आणि तिचा गोतावळा घेऊन बसतो. ग्राफिक्सचा वेगळा कार्ड नसेल तर त्याच्यासाठीही याच रॅममधून वाटा काढून ठेवला जातो. म्हणून 8 जीबीच्या लॅपटॉपवर ‘7.3 जीबी वापरण्याजोगी’ किंवा त्याहूनही कमी असं दिसतं. ब्राउझरमध्ये पंधरा टॅब उघडले, ऑनलाइन मीटिंग सुरू केली, की उरलेली संपत आली. अँड्रॉइड स्टुडिओसोबत त्याचा एम्युलेटर, म्हणजे स्क्रीनवरचा खोटा मोबाइल, चालवायचा असेल तर खुद्द गूगल 16 जीबी सांगतं. मेकॅनिकलवाल्यांचं सॉलिडवर्क्सही 16 जीबीच सुचवतं.

रॅम संपल्यावर लॅपटॉप बंद पडत नाही. तो जास्तीची माहिती एसएसडीवर टाकतो आणि लागेल तशी परत उचलतो. एसएसडी कितीही वेगवान असली तरी रॅमच्या पासंगालाही पुरत नाही, त्यामुळे एका खिडकीतून दुसरीत जाताना सगळं दोन-तीन सेकंद गोठतं. अनेक घरांत यावर ‘व्हायरस आला असेल’ असं निदान होतं आणि अँटिव्हायरस विकत घेतला जातो, जो स्वतःच आणखी रॅम खातो. खात्री करायला सोपी जागा आहे: Ctrl, Shift आणि Esc ही तीन बटणं एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडायचा आणि ‘Performance’ मध्ये ‘Memory’ बघायची. काम करताना ती सतत नव्वद टक्क्यांवर असेल, तर दुखणं रॅमचंच आहे.

मेमरीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विक्रीच्या पानांवर क्वचितच सांगितली जाते. एकच पट्टी लावली तर प्रोसेसरला मेमरीकडे जाणारा निम्माच रस्ता मिळतो. दोन सारख्या पट्ट्या लावल्या तर पूर्ण. कोअर वगैरे कामांना हा फरक थोडा जाणवतो, ग्राफिक्सला चांगलाच. इंटेलच्या काही चिप्समध्ये तर मजाच आहे. एक पट्टी असेपर्यंत ग्राफिक्सचं नाव साधं ‘यूएचडी’ असं दिसतं. दुसरी लावली की तेच ग्राफिक्स ‘आयरिस एक्सई’ म्हणून मिरवायला लागतं. म्हणून 8 जीबी आणि एक रिकामा स्लॉट असलेल्या लॅपटॉपमध्ये पुढे 8 जीबीची भर घातली, तर जागा वाढते आणि वेगही वाढतो.

देवरुखच्या मुलीपुढचा हिशेब आता असा मांडता येतो. पहिला लॅपटॉप पाच हजारांनी स्वस्त, पण दुसऱ्या वर्षी तो अपुरा पडला तर करण्यासारखं काहीच नाही. दुसऱ्यात स्लॉट असल्याची खात्री झाली, तर आज 8 जीबीवर भागवून पुढे पट्टी वाढवता येते. तिसरा मार्गही आहे: आधीच 16 जीबी सोल्डर केलेला, i5-12450H चा लॅपटॉप बजेटच्या वरच्या टोकाला मिळत असेल तर तो घ्यावा. त्याची रॅम वाढणार नाही, पण चार वर्षांच्या अभ्यासक्रमाला 16 पुरेल. ‘पुढे वाढवू’ या बेतावर फार विसंबू नये हेही खरं. 2025 च्या अखेरीस मेमरीचे भाव जगभर भडकले आणि रॅम वाढवण्याचा बेत केलेल्यांना तो लांबणीवर टाकावा लागला. तेव्हा कॉम्प्युटर, मेकॅनिकल, आर्किटेक्चर किंवा व्हिडिओ एडिटिंगसाठी आजच 16 जीबी घेणं उत्तम, आणि ते परवडत नसेल तर 8 जीबी अधिक रिकामा स्लॉट. 8 जीबी सोल्डर आणि स्लॉट नाही, हा प्रकार फक्त लिहिण्या-वाचण्यापुरत्या कामासाठी ठीक.

स्लॉट आहे की नाही, हे कसं शोधायचं? विक्रीच्या पानावरचं ‘अपग्रेडेबल’ हे लेबल पुरावा धरू नये. पूर्ण मॉडेल क्रमांक घ्यायचा आणि थेट कंपनीकडे जायचं. लेनोवोची psref.lenovo.com नावाची साइट त्यासाठीच आहे. तिथे प्रत्येक मॉडेलच्या कागदावर मेमरी सोल्डर केलेली आहे का, स्लॉट किती आणि जास्तीत जास्त किती जीबी चालते, हे वेगवेगळ्या ओळींत लिहिलेलं असतं. एचपी आपल्या लॅपटॉपांचं ‘मेंटेनन्स अँड सर्व्हिस गाइड’ पीडीएफमध्ये देते, डेल सर्व्हिस मॅन्युअल देते. ही पुस्तकं तंत्रज्ञांसाठी लिहिलेली, पण मेमरीचं पान कोणालाही कळतं: पट्टी काढण्याची चित्रं असतील तर स्लॉट आहे. मॉडेल क्रमांकाची शेवटची अक्षरंही बोलकी असतात. एचपीच्या भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक मॉडेलांत TU म्हणजे इंटेल प्रोसेसर व वेगळा ग्राफिक्स कार्ड नाही, AU म्हणजे एएमडी व वेगळा कार्ड नाही, TX असेल तर इंटेलसोबत वेगळा ग्राफिक्स कार्ड. लेनोवोचा भारतासाठीचा क्रमांक IN वर संपतो.

स्टोरेजचं प्रकरण त्यामानानं सरळ. 512 जीबीची एनव्हीएमई एसएसडी बहुतेक विद्यार्थ्यांना पुरते. विंडोजमध्ये ती 476 जीबीच दिसते. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज 1024 च्या, म्हणून तक्रार करायचं कारण नाही. टाळायची ती ‘ईएमएमसी’ स्टोरेज, कारण ती मंद असते आणि बोर्डवरच चिकटलेली असते. एम.2 एसएसडी मात्र पुढे बदलता येते. फक्त नवी घेताना लांबी बघावी. 2280 म्हणजे 80 मिलिमीटर, 2242 म्हणजे 42, आणि लहान जागेत लांब पट्टी बसत नाही.

सेलच्या दिवसांत आणखी एक वाट दिसते. शीर्षकात ‘16 जीबी, 1 टीबी’ असतं, किंमत आश्चर्यकारक कमी असते आणि खाली कुठेतरी लिहिलेलं असतं, की बॉक्स उघडून विक्रेत्यानं भाग वाढवले आहेत. हा गुन्हा नव्हे. पण वाढवलेली रॅम आणि एसएसडी कंपनीच्या वॉरंटीत येत नाही; ती बिघडली तर त्या विक्रेत्याच्या मागे लागावं लागतं. कंपनीच्या साइटवर त्याच मॉडेल क्रमांकाला 8 जीबी दाखवत असतील आणि विक्रेत्याच्या पानावर 16 असतील, तर हाच प्रकार समजावा.

सर्व्हिसचा प्रश्न बहुतेक घरांत सगळ्यात शेवटी येतो आणि येतो तोही चुकीच्या पत्त्यावर. वडील देवरुखच्या पिनकोडवर सर्व्हिस सेंटर शोधतात. लॅपटॉप मात्र वर्षातले नऊ-दहा महिने सांगलीच्या वसतिगृहात असणार आहे. म्हणून पिनकोड कॉलेजचा टाकावा. कंपनीच्या साइटवर सर्व्हिस सेंटरचा पत्ता मिळाला, की तिथं एक फोन करावा आणि दोनच प्रश्न विचारावेत: तुम्ही इथेच दुरुस्ती करता की नुसता लॅपटॉप जमा करून मोठ्या शहरात पाठवता, आणि स्क्रीन किंवा मदरबोर्ड मागवायचा झाला तर साधारण किती दिवस लागतात. परीक्षेच्या तोंडावर लॅपटॉप तीन आठवडे कुरिअरच्या गोणीत फिरत असेल, तर प्रोसेसरचा तिसरा आकडा कोणाच्या उपयोगाचा?

वॉरंटीचेही दोन प्रकार आहेत. ‘कॅरी-इन’ म्हणजे लॅपटॉप आपण नेऊन द्यायचा. ‘ऑनसाइट’ म्हणजे तंत्रज्ञ येऊन दुरुस्त करणार. ऑनसाइट लिहिलेलं असलं तरी ते त्या पिनकोडला लागू आहे का, ते विचारून घ्यावं. आणि दोन्हींत चहा सांडणं, पडून स्क्रीन फुटणं हे मोडत नाही. त्यासाठी अपघाती नुकसानीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. वसतिगृहातल्या खाटा, एकच सॉकेट आणि जमिनीवरून जाणाऱ्या चार्जरच्या वायरी बघता ते पैसे वाया जात नाहीत. घ्यायचं तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीकडूनच घ्यावं. खरेदीच्या पानावर शेवटी टिचकी मारून मिळणारा प्लॅन पुष्कळदा तिसऱ्याच संस्थेचा असतो आणि दुरुस्तीला सेंटरही तिचंच असतं.

सर्व्हिस सेंटरात देण्याआधीची एक काळजी मात्र स्वतःच घ्यायची. विंडोज 11 चे अनेक लॅपटॉप मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं सुरू केले, की एसएसडीवरची माहिती आपोआप कुलूपबंद होते. मदरबोर्ड बदलला तर लॅपटॉप 48 अंकी रिकव्हरी की मागतो. ती त्या खात्यात साठवलेली असते. पण खातं दुकानातल्या मुलानं भलत्याच ईमेलनं उघडून दिलं असेल, तर प्रोजेक्टच्या सगळ्या फायली गेल्याच म्हणून समजा. खातं विद्यार्थिनीच्याच ईमेलवर उघडावं आणि की कागदावर उतरवून ठेवावी.

पार्सल आलं, की घाईनं स्टिकर आणि गेम लावत बसण्याआधी तपासणी व्हावी, कारण ऑनलाइन दुकानांत लॅपटॉप बदलून मिळण्याची मुदत अनेकदा सातच दिवसांची असते, आणि पुष्कळदा पैसे परत न देता वस्तूच बदलून देतात. विकत घेण्याआधी ती अट वाचावी. बॉक्स उघडतानाचा व्हिडिओ घ्यावा, बॉक्सवरचा, लॅपटॉपच्या पोटावरचा आणि बिलावरचा सीरियल क्रमांक जुळतो का ते पाहावं. तोच क्रमांक कंपनीच्या साइटवर टाकला, की वॉरंटी कधी सुरू झाली ते दिसतं. माल गोदामात पडून असेल तर ती खरेदीच्या आधीपासूनच चालू झालेली दिसते; बिलाची प्रत पाठवून तारीख दुरुस्त करून मागता येते.

मग टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचं पान. तिथे ‘Slots used: 1 of 2’ आणि ‘Form factor: SODIMM’ असेल तर एक स्लॉट रिकामा आहे. ‘Row of chips’ दिसलं तर मेमरी सोल्डर केलेली. बॅटरी खरोखर नवी आहे का, हे बघायला कमांड प्रॉम्प्टमध्ये एक ओळ पुरते:

```
powercfg /batteryreport
```

ती एक फाइल बनवते आणि कुठे ठेवली तेही सांगते. फाइलमध्ये ‘Design capacity’ आणि ‘Full charge capacity’ हे दोन आकडे जवळजवळ सारखे हवेत, आणि ‘Cycle count’ दिलेला असेल तर तो नगण्य हवा. ‘नवा’ म्हणून आलेल्या लॅपटॉपची बॅटरी पन्नास-साठ वेळा भरून झालेली असेल, तर तो कोणीतरी वापरून परत केलेला आहे.

अशा वेळी विक्रेत्याकडं लेखी तक्रार त्याच दिवशी करावी, अहवालाचं छायाचित्र जोडून. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ऑनलाइन दुकानाच्या तक्रार अधिकाऱ्यानं 48 तासांत तक्रार पोहोचल्याचं कळवायचं असतं आणि महिन्याभरात ती निकाली काढायची असते. तसं झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ग्राहकाला स्वतःच्या जिल्ह्याच्या आयोगात दावा लावता येतो. देवरुखच्या कुटुंबाला त्यासाठी बंगळुरूला किंवा दिल्लीला जावं लागत नाही, रत्नागिरीत काम होतं.